काळ्या अंगठ्याचा बायोडेटा

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि गुरुसिद्ध कडलगे बायोडेटे वाचत नव्हता, लावत होता. शिरोली एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीच्या गेटवर एक पत्र्याची पेटी होती. नोकरी मागणाऱ्यांनी आपला कागद तिच्यात टाकायचा. पेटीची किल्ली पर्सोनेल ऑफिसर म्हणून गुरुसिद्धकडे. रोज नऊला तो पेटी उघडायचा, कागद टेबलावर आणायचा आणि आधी फक्त त्यांचे कोपरे बघायचा.

पिवळी चिठ्ठी टाचलेले कागद उजवीकडे. ते मालकांच्या घरून, म्हणजे मेहुणे, व्याही, मालकीणबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणींकडून यायचे. व्हिजिटिंग कार्ड लावलेले मध्ये. ते नगरसेवकांचे, साखर कारखान्याच्या संचालकांचे, कुठल्यातरी पतसंस्थेच्या चेअरमनचे. कोरे कोपरे डावीकडे. डावीकडचा गठ्ठा सगळ्यांत उंच असायचा आणि सगळ्यांत शेवटी वाचला जायचा. म्हणजे जेवणानंतर, डोळे जड झाल्यावर, पाठपोट न बघता.

साल २००५. जागा एकच होती: सँड लॅबचा इन्स्पेक्टर. फाउंड्रीत साचे वाळूचे बनतात. वाळूत ओलावा जास्त झाला की ओतकामात भोकं पडतात, कमी झाला की साचा ढासळतो. म्हणून दर तासाला नमुना घेऊन तपासायला एक माणूस लागतो. आधीचा माणूस पुण्याला गेला होता. माल घेणाऱ्या मोटार कंपनीचे ऑडिटर पुढच्या सोमवारी येणार होते आणि त्यांना त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं दिसायला हवं होतं.

गुरुसिद्ध नेसरीचा. वय पंचेचाळीस, शर्टाचा खिसा पेनांनी वाकलेला, कपाळावर भस्माची फिकट रेघ. शिफारशी आणणाऱ्यांबद्दल त्याला मनापासून तिटकारा होता, निदान तो तसं सांगायचा. चहाच्या वेळी व्हिजिटिंग कार्ड दोन बोटांत धरून तो म्हणायचा, "बघा, नगरसेवक. स्वतः सातवी पास. आणि हे सांगणार कोण इंजिनियर चांगला." ऐकणारे हसायचे. तो स्वतः १९९२ साली इथं कसा लागला हे ऐकणाऱ्यांपैकी जुन्यांना ठाऊक होतं. त्याचा मामा गडहिंग्लजला गुळाचा अडत्या होता आणि थोरल्या मालकांच्या घरी दिवाळीचा गूळ त्याच्याकडून जायचा. बी.कॉम. पास क्लासचा तो अर्ज त्या वेळी कुणी वाचलाच नव्हता. गुरुसिद्ध हे विसरला नव्हता. त्याने फक्त त्याचं नाव बदललं होतं. मामाने जे केलं ती ओळख, आणि बाकीचे करतात तो वशिला.

दोन वर्षांपूर्वी ऑडिटरांनी विचारलं, माणसं कशी निवडता? उत्तर द्यायला कुणाला जमेना. मग पुण्याच्या सल्लागाराने शंभर गुणांचा तक्ता करून दिला. शिक्षणाला तीस, अनुभवाला तीस, यंत्रं हाताळण्याच्या कौशल्याला पंचवीस, टिकून राहण्याला पंधरा. साठच्या खाली असेल त्याला मुलाखतीला बोलवायचं नाही. गुरुसिद्धला हा तक्ता फार आवडला. नगरसेवकाचा फोन आला की तो म्हणायचा, "साहेब, पोरगं चांगलं हाय, पण अठ्ठेचाळीस पडले. तक्ता ऑडिटला जातो. माझ्या हातात काय न्हाय." नगरसेवक गप्प व्हायचा. बाहेरच्यांना अडवायला तक्ता फार उपयोगी होता. आतल्यांसाठी तो रबरासारखा ताणला जायचा, आणि ताणणारा हात गुरुसिद्धचा असायचा.

आतल्यांमध्ये एकाच माणसाचा शब्द गुरुसिद्ध मानायचा. आकाराम सुतार, मोल्डिंगचा फोरमन, कारखान्यात सगळ्यांचा मामा. वय पंचावन्न, आवाज भट्टीपेक्षा मोठा. बावीस वर्षांत त्याने चार माणसं सुचवली होती आणि चारही अजून कामावर होती. यात गूढ काही नव्हतं. नगरसेवकाने पाठवलेला माणूस पळाला तर नगरसेवकाचं काही जात नाही. त्याला कळतही नाही. आकारामचा माणूस आकारामच्याच लाइनवर उभा राहणार. तो झोपला तर आकारामचे साचे बिघडणार आणि कँटीनमध्ये लोक आकारामला चिडवणार. म्हणून तो विचार करूनच नाव घ्यायचा.

लिहायचं आकारामच्या अंगात नव्हतं. तो कागद हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि पेटीत टाकायला लावायचा. साच्याच्या वाळूत कोळशाची भुकटी असते, हात दिवसभर काळे. त्यामुळे त्याच्या माणसाच्या बायोडेट्यावर वरच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटलेला असायचा. गुरुसिद्धला चारही वेळा तो अंगठा दिसला होता आणि चारही वेळा त्याने तो कागद सगळ्यांत वर ठेवला होता. याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. शिफारस तोंडाने बोलून दाखवायची नाही, उमेदवारापुढे तर नाहीच, हा त्या ऑफिसचा शिष्टाचार होता.

त्या सकाळी पेटीत सतरा कागद निघाले. जेवणानंतर गुरुसिद्धने डावीकडचा गठ्ठा संपवला. त्यात एक सुष्मिता देवर्डे होती, गारगोटीची, बी.एस्सी. केमिस्ट्री, कागलच्या एका तपासणी लॅबमध्ये वर्षभर काम. शिक्षण सत्तावीस, अनुभव अठरा, कौशल्य वीस, टिकणं आठ. बेरीज त्र्याहत्तर. त्याच गठ्ठ्यात एक रिजवान शिकलगार, कोल्हापूरचाच. बारावी सायन्स, आयटीआय. उद्यमनगरातल्या तीन छोट्या फाउंड्र्यांत पाच वर्षं काम, मध्ये एक वर्ष कोरं. शिक्षण पंधरा, अनुभव चौदा, कौशल्य पंधरा, टिकणं सात. एक्कावन्न. गुरुसिद्धने पेन्सिलने शेरा मारला, "टिकत नाही. ३ नोकऱ्या." आणि कागद उलटा टाकला.

उलटा पडला तेव्हा त्याला दिसलं. मागच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात काळा, पूर्ण अंगठा होता. रेषांसकट.

गुरुसिद्ध खुर्चीत सरळ बसला. आकारामचा माणूस आपण डावीकडं कसा टाकला, या विचाराने त्याला दरदरून घाम फुटला असं म्हणणं जास्त होईल, पण त्याने पंखा वाढवला. खोडरबर काढून त्याने शेरा पुसला. मग तोच बायोडेटा तो पुन्हा वाचू लागला, आणि या वेळी पहिल्या ओळीपासून.

तीन फाउंड्र्या. पहिल्या वाचनात हा माणूस तीन ठिकाणी टिकला नव्हता. आता त्याने तीन प्रकारची वाळू पाहिली होती. एकीकडे बिडाचं काम, एकीकडे पंपाचे भाग, एकीकडे शेतीच्या अवजारांचे. अनुभव चौदाचा बावीस झाला. मधलं कोरं वर्ष मघाशी संशयास्पद होतं. आता गुरुसिद्धला त्याच्या खालची बारीक ओळही दिसली. वडिलांना अर्धांगवायू, घरी सेवेस. माणूस प्रामाणिकपणे लिहितो, लपवत नाही. टिकणं सातचं अकरा. "ओलावा तपासणी, हाताने" या शब्दांना मघाशी त्याने यंत्र माहीत नाही असं वाचलं होतं. आता ते मूळ काम येतं असं वाचलं. पंधराचे अठरा. फक्त शिक्षण तेवढं हलेना. बारावी ही बारावीच, मार्कलिस्ट सोबत जोडलेली. तिथं पंधराच राहिले. एकूण सहासष्ट.

कागदात एक अक्षर बदललं नव्हतं. बदलला होता तो वाचणारा. अनोळखी माणसाचा कागद तो नापास करायचं कारण शोधत वाचायचा, कारण नापास करणं सोपं आणि त्याचा जाब कुणी विचारत नाही. ओळखीच्याचा कागद तो पास करायचं कारण शोधत वाचायचा. कारण दोन्ही बाजूंनी सापडतं, शोधणारा पाहिजे. गुरुसिद्धला यात लबाडी दिसली नाही. त्याला वाटलं, मघाशी घाईत वाचलं होतं, आता नीट वाचलं. पहिला तक्ता त्याने फाडून टोपलीत टाकला.

मग सुष्मिता देवर्डेचा कागदही त्याने पुन्हा घेतला. त्र्याहत्तर तसेच ठेवले, ते खोडायला काही निमित्त नव्हतं. शेरा मात्र लिहिला: "गारगोटीहून रोज ये-जा. लग्नानंतर? पात्रता जास्त, पुण्याला जाण्याची शक्यता." बी.एस्सी. नसणं रिजवानला नडलं नव्हतं आणि असणं तिला नडलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दोघांनाही मुलाखतीला बोलावलं. फाइलमध्ये दोन नावं असली की निवड झाल्यासारखी दिसते. मुलाखत घ्यायला वर्क्स मॅनेजर रुद्रेश पट्टणशेट्टी होता, निपाणीकडचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारा, सगळ्या कागदांवर सही करणारा आणि एकही न वाचणारा.

"यातला कोण, अण्णा?" पट्टणशेट्टीने आधीच विचारलं.

"शिकलगार. आकारामचा माणूस हाय."

"मग काय बघायचंय? बोलवून सोडा."

सुष्मिता आधी आली. तिने ओलाव्याचं प्रमाण, वाळूची ताकद, हवा आरपार जाण्याचं माप, सगळं सांगितलं. पट्टणशेट्टी मोबाइलचं बटण दाबत होता. 

"रोज गारगोटीहून यायला जमेल का?" गुरुसिद्धने विचारलं.

"सध्या कागलला जातेच की, सर. इथं पहिल्या पाळीला एसटी जमणार नाही, म्हणून शाहूपुरीत मावशीकडं राहणार आहे. बायोडेट्यात तिथला पत्ता दिलाय."

गुरुसिद्धने कागद बघितला. पत्ता होता. तो त्याने दोन वाचनांत पाहिला नव्हता.

"लग्नाचं काही चाललंय का घरी?"

तिने त्याच्या पुढ्यातला गुणांचा तक्ता बघितला. "तुमच्या तक्त्यात त्याला किती गुण आहेत, सर?"

पट्टणशेट्टीने पहिल्यांदा मान वर केली आणि हसला. गुरुसिद्ध हसला नाही. तिला "कळवतो" म्हणून सांगितलं. जाताना तिने विचारलं, सँड लॅब बघायला मिळेल का? आज गडबड आहे, असं उत्तर मिळालं. गडबड काही नव्हती.

रिजवानला पट्टणशेट्टीने तीनच प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं प्रश्नातच घालून दिली. "वाळू तपासायला येतीया न्हवं? यंत्र शिकशील न्हवं? पाळीचं काही न्हाय न्हवं?" रिजवान प्रत्येकाला "व्हय सर" म्हणाला. तो सव्वीस-सत्तावीसचा, उंच, गालफडं बसलेला पोरगा होता. इतक्या सोप्या मुलाखतीची त्याला भीतीच वाटत होती.

"गुरुवारी पहिल्या पाळीला ये," पट्टणशेट्टी म्हणाला. "पत्र तेव्हाच देतो."

"आत्ताच्या मालकांना आजच सांगू का, सर? ते म्हणत्यात जायचं तर हिशोब करून जा, परत यायचं न्हाय."

"सांग की. जागा तुझीच."

संध्याकाळी पाळी सुटता सुटता गुरुसिद्ध मोल्डिंग शॉपमध्ये उतरला. आकाराम हातपाय धुऊन विडी पेटवत होता. चांगली बातमी स्वतः द्यावी, म्हणजे ती लक्षात राहते, एवढं गुरुसिद्धला कळत होतं.

"मामा, तुमचा माणूस घेतला हं."

"कोण माणूस?"

"शिकलगार. रिजवान."

"कोण शिकलगार?"

"तुम्ही पाठवलेला. अंगठा होता की तुमचा."

आकारामने विडी तोंडातून काढली. "मी गेल्या दोन वर्सांत कुणाला पाठवलंच न्हाय. माझं नाव सांगितलं का त्यानं? घाला की पायताण त्याच्या टाळक्यात."

त्याने नाव सांगितलं नव्हतं. तेच तर अवघड होतं. गुरुसिद्ध वर आला, टेबलावरच्या फोनवरून रिजवानच्या शेजाऱ्याकडे फोन लावला. रिजवान पाच मिनिटांनी धापा टाकत फोनवर आला.

"तुझ्या बायोडेट्यावर अंगठा कुणाचा?"

"कसला अंगठा, सर?"

"काळा. मागच्या पानावर."

"माझाच असंल की. पाळी सुटल्यावर तसाच आलतो, सर. गेटवर हात धुवायला पाणी नव्हतं. डाग पडला म्हणून काय झालं काय?"

"काय न्हाय." गुरुसिद्धने फोन ठेवला.

त्याने बायोडेटा पुढ्यात ओढला आणि तिसऱ्यांदा वाचला. आता पुन्हा तीन नोकऱ्या दिसल्या. मधलं वर्ष पुन्हा कोरं झालं. "ओलावा तपासणी, हाताने" वाचून त्याला हसू आलं. असल्या माणसाला आपण सहासष्ट कसे दिले, याचं त्याला खरोखर आश्चर्य वाटलं, आणि त्या आश्चर्याचा राग रिजवानवर आला. पोराने हात धुतले असते तर ही वेळ आली नसती. तो अंगठा म्हणजे माणूस पाच वर्षं वाळूत हात घालून काम करत होता याचा ढळढळीत पुरावा होता. सगळ्या गठ्ठ्यात तेवढा एकच खरा दाखला होता. गुरुसिद्धला तो घाणेरडा डाग वाटत होता, आता त्यामागे आकाराम नव्हता म्हणून.

दोन वाटा होत्या. पट्टणशेट्टीला सांगायचं की आकारामने कुणाला पाठवलं नाही, एक्कावन्नचे सहासष्ट मी डाग बघून केले, आणि त्र्याहत्तरवाल्या मुलीला बोलवा. म्हणजे पट्टणशेट्टी ही गोष्ट मालकांना जेवताना सांगणार आणि मालक ती नगरसेवकांना सांगणार. तेरा वर्षं चहाबरोबर पाजलेला स्वच्छपणा एका दुपारात वाहून जाणार. रिजवानने तोवर जुन्या मालकाला सोडलेलं असणार, त्याचं काय, हा प्रश्न गुरुसिद्धच्या मनात आला नाही असं नाही. आला आणि लगेच गेला.

दुसरी वाट खाली मोल्डिंग शॉपमध्ये विडी ओढत बसली होती.

बुधवारी सकाळी तो पुन्हा आकारामकडे गेला. या वेळी बसायला स्वतः खोकं ओढून घेतलं.

"मामा, पोरगं तसं चांगलं हाय. उद्यमनगरात पाच वर्सं काढल्यात."

"मग घ्या की. मला कशाला सांगताय?"

"साहेबांना मी सांगितलंय, आकारामचा म्हणून."

आकाराम हसला तेव्हा शॉपमधल्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. "म्हंजे माझ्या नावानं तुम्हीच दुकान मांडलंय म्हणा की. आणि मला पत्ताच न्हाय."

"हळू बोला."

"भट्टीपाशी हळू बोलून कसं चालंल, कडलगे सायेब? बावीस वर्सात चार माणसं दिली मी. बघून, पारखून. आणि ह्यो पाचवा, ज्याचं तोंड मी बघितलं न्हाय!"

"बघा की मग. उद्या येतोय."

आकारामने विडी विझवली, उरलेला तुकडा कानावर ठेवला आणि गुरुसिद्धकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. तेरा वर्षांत आकारामने या माणसाकडे काही मागितलं नव्हतं. मागायला काय आहे हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

"आमच्या बायकोचा भाचा हाय," तो म्हणाला. "वजनकाट्यावर बसायला लई आवडंल त्याला."

"काट्यावर जागा न्हाय."

"हुईल की. तुमच्या हातात असतंय समदं. त्यो तक्ता बिक्ता."

"काय शिकलाय?"

"शिकायचं काय त्यात? काटा आकडा दावतोय, ह्यानं लिवायचा."

चार माणसं पारखून देणारा, ज्याच्या अंगठ्यापुढे तक्ता वाकत होता, तो माणूस चहा थंड व्हायच्या आत एका भाच्यावर आला होता. गुरुसिद्धला त्याची किळस आली. मामाच्या गुळाची त्याला त्या वेळी आठवण झाली नाही.

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो न्हाय. व्हय म्हना, म्हंजे मीबी व्हय म्हनतो."

"व्हय."

"मग पोरगं माझंच हाय," आकाराम म्हणाला आणि उठला. "नाव काय म्हनला?"

दुपारी गेटवर सुष्मिता आली. पत्र यायची वाट न बघता ती स्वतः आली होती. गुरुसिद्धने तिला आत बोलावलं नाही, गेटवरच गेला. उभ्याने सांगितलं की माणूस लवकर जातो.

"निवड झाली आहे दुसऱ्याची. तुमचा बायोडेटा आमच्या नोंदीत ठेवलाय."

"मी कुठं कमी पडले, सर? सांगितलंत तर पुढच्या ठिकाणी बरं पडेल."

"कमी असं नाही. थोडं... जादाच."

"त्यांचे गुण किती होते?"

"ते सांगत नसतात."

तिने पेटीकडे बघितलं. "इथं माझ्या ओळखीचं कुणी नाही, एवढंच ना?"

"असलं काही आमच्याकडं चालत नाही," गुरुसिद्ध म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज अजिबात बदलला नाही. "आमच्याकडं शंभर गुणांची पद्धत आहे."

"हो का," ती म्हणाली. "मग पद्धतीला माझा नमस्कार सांगा." आणि ती हायवेकडे चालू लागली.

गुरुवारी सातच्या पाळीला रिजवान आला. हात धुतलेले, शर्ट इस्त्रीचा. आकारामने त्याला शॉपच्या दारातच गाठलं.

"तू रिजवान न्हवं? मी आकाराम. आजपासनं मी तुझा मामा. कुणी इचारलं, कुणाच्या ओळखीनं लागलास, तर सांग, मामांच्या."

"पण मी तुम्हाला आजच बघतोय."

"आता बघितलंस न्हवं? झालं तर मग."

रिजवान यंत्र तीन दिवसांत शिकला. सोमवारी ऑडिटर आले, त्यांनी खुर्ची बघितली, खुर्चीवरचा माणूस बघितला, फाइलमधला सहासष्टचा तक्ता बघितला आणि टिक केली. तो पोरगा आजही काम बरं करतो. सुष्मिताने कसं केलं असतं हे कुणाला कळणार नाही, कारण तिची परीक्षा घेतलीच गेली नाही. एका माणसाचं काम बरं निघालं की सगळी पद्धत बरोबर ठरते. गुरुसिद्धच्या ऑफिसात तरी अशीच ठरली.

आकारामच्या पोटात मात्र ही गोष्ट राहिली नाही. ती राहण्यासारखी नव्हतीच. आठवड्याभरात त्याने ती कँटीनमध्ये तीनदा सांगितली. प्रत्येक वेळी गुरुसिद्ध थोडा जास्त घाबरलेला आणि आकाराम थोडा जास्त मोठा. कँटीनमधली गोष्ट शिरोलीच्या चहाच्या गाड्यांवर गेली, तिथून उद्यमनगरात. भाचा वजनकाट्यावर बसला, तक्त्यात त्रेसष्ट गुण घेऊन. त्यातले दहा कौशल्याचे होते. कोणतं कौशल्य ते तक्त्यात लिहायची सोय नाही.

पंधरा दिवसांनी गुरुसिद्धने पेटी उघडली तेव्हा वीस कागद होते आणि त्यांतल्या अकरांवर काळे अंगठे. काही कोळशाचे, काही काजळाचे. एकाने शिक्क्याच्या शाईचा जांभळा अंगठा उमटवला होता, आणि एका बी.ई. मेकॅनिकलने पाचही बोटं. गुरुसिद्धने सगळे कागद टेबलावर पसरले आणि त्या उमेदवारांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या ते छापता येणार नाही. काय पण लोक, त्याला वाटलं. स्वतःच्या लायकीवर यायची हिंमत नाही.

मग त्याने ते अकरा कागद वेगळे काढले, काखेत मारले आणि खाली मोल्डिंग शॉपमध्ये गेला. आकारामने एकेक कागद उजेडात धरून बघितला.

"ह्यो माझा," तो म्हणाला. "ह्योबी. ह्यो न्हाय. ह्यो... कुठला हाय? नेसरी? मग तुमचाच की ह्यो, सायेब."

उरलेले नऊ कागद, कोऱ्या कोपऱ्यांचे, वर टेबलावर डावीकडे पडून आहेत. पेटी उद्याही नऊला उघडेल, किल्ली गुरुसिद्धकडेच असते, आणि साडेनऊला तो कागद घेऊन खाली जाईल, कारण मोल्डिंग शॉपमध्ये चहा त्या वेळी येतो.